पारड्यातला पासंग

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला शांतता कळते ती वर्षातून एकदाच, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. एरवी आमच्या गल्लीत मागांची खडखड अशी अखंड चालू असते, की ती थांबली म्हणजेच कान टवकारतात. २०२४ सालच्या लक्ष्मीपूजनाला, म्हणजे १ नोव्हेंबरला, मी आमच्या शेजारच्या शेठजींकडे पानसुपारीला गेलो होतो. शेठजी पद्मशाली. आजोबा तेलंगणातून हातमाग घेऊन आले, वडिलांनी यंत्रमाग घातले आणि आता हे बारा माग चालवतात. पूजेपूर्वी त्यांनी नेहमीप्रमाणे सुताचा साठा, कच्च्या कापडाचे तागे, बाजारातली येणी आणि गल्ल्यातली रोकड असे चार रकाने मांडून ठेवले होते.

"सर, दर दिवाळीला हे चार रकाने बघतो," ते म्हणाले, "सूत जास्त झाले असेल तर चार महिने खरेदी थांबवतो. येणी वाढली असतील तर उधारी आवळतो. पण शेअरांचे मात्र असे करवत नाही. वाढलेत खूप, थोडे विकावेत असे मनात येते. पण विकले की सरकारचा वाटा द्यावा लागतो. मग वाटते, राहू द्यावेत तसेच."

मी मराठीचा प्राध्यापक. शेठजी मला हा प्रश्न का विचारतात, तर पगारातून थोडे बाजूला टाकण्याची सवय मला आहे आणि त्याची वही मी शेठजींसारखीच दर दिवाळीला काढतो, हे त्यांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळी मी त्यांना एक सल्ला दिला. तो चुकला. तो का चुकला आणि त्याच दिवाळीत माझ्या स्वतःच्या वहीत जे केले ते का साधले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी शब्दाचे पाहू; तो माझा धंदाच आहे. इंग्रजीत ज्याला रिबॅलन्सिंग म्हणतात, त्याला मी घरात 'पासंग काढणे' म्हणतो. तराजूची दोन पारडी रिकामी असतानाही एक खाली जात असेल, तर वाणी हलक्या बाजूला एखादा दगड किंवा लोखंडाचा तुकडा अडकवतो, तो पासंग. आपल्या शिलकीचीही दोन पारडी असतात. एकात शेअर किंवा शेअरांचे म्युच्युअल फंड, वाढणारे पण आदळणारेही. दुसऱ्यात बँकेच्या ठेवी, रोख्यांचे फंड, सावकाश वाढणारे पण जागा न सोडणारे. आपल्याला किती आदळआपट सोसवेल याचा विचार करून आपण एक प्रमाण ठरवतो. माझे साठ आणि चाळीस असे आहे. पण बाजार आपले प्रमाण पाळत नाही. शेअर वाढले की ते पारडे आपोआप जड होते आणि आपण न ठरवलेला धोका आपल्या अंगावर येतो. वर्षातून एकदा ते पाहून पुन्हा मूळ प्रमाणाकडे आणायचे, एवढेच हे काम. अडते ते इथे, की जड पारड्यातून काढायचे म्हणजे विकायचे, आणि विकायचे म्हणजे कर आला.

वडिलांची वही

कर नसता तर माणसे हे काम बिनबोभाट करतील, असे शेठजींना वाटते. मला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण माझ्या वडिलांची वही.

वडील २००३ साली निवृत्त झाले. त्या दिवाळीत त्यांनी तीन लाख शेअरांच्या फंडांत आणि तीन लाख बँकेत ठेवले. निम्मे निम्मे. सेन्सेक्स तेव्हा पाच हजारांच्या खाली होता. २००७ च्या दिवाळीत तो एकोणीस हजारांवर आला. तीन लाखांचे सुमारे बारा लाख झाले. ठेवीचे व्याजासह चार लाख झाले. म्हणजे निम्म्याच्या जागी शेअरांचे पारडे पंचाहत्तर टक्क्यांवर गेले होते.

आता मौज अशी, की त्या दिवसांत यावर कर नव्हता. १ ऑक्टोबर २००४ पासून ३१ मार्च २०१८ पर्यंत, वर्षाहून अधिक काळ ठेवलेले शेअर किंवा शेअरांच्या फंडांची युनिटे विकून झालेला नफा करमुक्त होता. वडिलांनी त्या दिवाळीत चार लाखांची युनिटे विकून ठेवीत टाकली असती, तर आठ आणि आठ असे प्रमाण झाले असते आणि कराचा एक पैसा लागला नसता. त्यांनी विकले नाही. "वाढत्या झाडाची फांदी कोण तोडतो?" असे ते म्हणाले होते. तेव्हा मला ते पटले होते.

२००८ च्या जानेवारीत सेन्सेक्सने २१,००० ला हात लावला आणि तेथून तो कोसळला. २७ ऑक्टोबर २००८ ला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्याच दिवशी, तो दिवसभरात ८,००० च्याही खाली जाऊन आला. वडिलांच्या बारा लाखांचे साडेपाच लाखांच्या आसपास उरले. ठेव सव्वाचार लाखांच्या पुढे गेली होती. सारे मिळून पावणेदहा लाख. निम्मे निम्मे केले असते, तर त्याच दिवशी सव्वाबारा लाखांच्या घरात असते. फरक अडीच लाखांचा. फेब्रुवारी २००९ मध्ये धाकट्या बहिणीचे लग्न निघाले, ठेव पुरेना, आणि वडिलांनी युनिटे तळाच्या भावात मोडली. २००९ ची दिवाळी आली तेव्हा सेन्सेक्स पुन्हा सतरा हजारांवर होता. पण मोडलेली युनिटे काही परत आली नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वडिलांनी २००४ पासून दर दिवाळीला पासंग काढला असता, तर २००७ मध्ये त्यांच्याजवळ सोळा लाख झाले नसते, कमी झाले असते. चढत्या बाजारात हे काम आपल्याला मागेच ठेवते. त्याने नफा वाढतो असे जे सांगतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही. ते नफ्यासाठी करायचे नसतेच. लग्नाच्या वर्षी युनिटे मोडावी लागू नयेत, यासाठी करायचे असते.

माझी वही, दिवाळी २०२४

१ एप्रिल २०१८ पासून हा नफा पुन्हा कराच्या कक्षेत आला आणि २३ जुलै २०२४ पासून त्याचे दर बदलले. वर्षाहून अधिक काळ ठेवून विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के. पण एका आर्थिक वर्षात अशा नफ्यापैकी पहिले सव्वा लाख रुपये माफ. वर्षाच्या आत विकले तर वीस टक्के, आणि तेथे ती माफी नाही. दोन्हींवर चार टक्के उपकर. दर एवढेच लक्षात ठेवले तरी पुढचा हिशेब कळतो.

माझ्या वहीत त्या दिवाळीत एकूण तीस लाख होते. शेअरांच्या इंडेक्स फंडात २१ लाख ६० हजार, ठेवी आणि रोख्यांच्या फंडात ८ लाख ४० हजार. ठरवलेले प्रमाण साठ-चाळीस, प्रत्यक्षात बहात्तर-अठ्ठावीस. माझा नियम असा, की पाच टक्क्यांपर्यंत इकडे तिकडे झाले तर हात लावायचा नाही. साठाचे त्रेसष्ट झाले म्हणून विकत बसलो, तर बाजार पुढच्या महिन्यात त्याचे साठ स्वतःच करील. पण बहात्तर म्हणजे हद्द ओलांडली. साठावर आणायचे तर ३ लाख ६० हजार रुपये एका पारड्यातून दुसऱ्यात टाकायला हवे होते.

पहिला विचार नव्या पैशाचा. मी दरमहा पंधरा हजार फंडात टाकतो. ते शेअरांच्या फंडाऐवजी रोख्यांच्या फंडात टाकले तर काही विकावे लागत नाही, कर नाही, खर्च नाही. हा सर्वांत स्वस्त पासंग. पण त्याचे बळ किती ते मोजून पाहिले. वर्षभरात १ लाख ८० हजार जातील. त्याने शेअरांचे प्रमाण बहात्तरावरून अडुसष्टावर येईल, अधिक नाही. तेवढीच रक्कम विकून हलवली तर ते सहासष्टावर येते, कारण विकलेला रुपया एका पारड्यातून उतरतो आणि दुसऱ्यात चढतो. नवा रुपया नुसताच चढतो. शिवाय शिल्लक लहान असते तेव्हा महिन्याच्या हप्त्याचे वजन मोठे असते. २०१९ मध्ये केवळ हप्ता वळवून माझे काम भागत असे. तीस लाखांच्या तराजूवर पंधरा हजार म्हणजे चिमूटभर. तेव्हा हप्ता वळवला, पण विकावेही लागणार हे उघड होते.

विकायचे तर कोणती युनिटे? हे आपल्या मनावर नसते. एकाच खात्यातली युनिटे जी आधी घेतली ती आधी विकली असे धरतात. माझी सर्वांत जुनी युनिटे एप्रिल २०१८ पासूनची. ज्या युनिटाला तेव्हा सुमारे चाळीस रुपये दिले होते, त्याचे आता शंभर येत होते. म्हणजे शंभर रुपयांची विक्री केली की त्यात साठ रुपये नफा. कर विक्रीच्या रकमेवर नसतो, या साठावर असतो. पुष्कळ लोक इथेच घाबरतात.

सगळे ३ लाख ६० हजार एकदम विकले असते, तर नफा २ लाख १६ हजार. त्यातून सव्वा लाख माफ. उरलेल्या ९१ हजारांवर साडेबारा टक्के म्हणजे ११,३७५ आणि उपकर ४५५. एकूण ११,८३० रुपये. आणि बाकीचे खर्च? युनिटे विकताना रोखे व्यवहार कर लाखामागे एक रुपया, म्हणजे येथे चार रुपयांहूनही कमी. रोख्यांच्या फंडात पैसे घालताना मुद्रांक शुल्क लाखामागे पाच रुपये, म्हणजे अठरा रुपये. युनिटे वर्षाहून जुनी असल्याने फंडातून बाहेर पडण्याचा आकार नाही. म्हणजे व्यवहाराचा सारा खर्च बावीस रुपयांच्या आत. कराच्या तुलनेत तो पासंगालाही पुरत नाही.

सुटे शेअर असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना व्यवहार कर विकताना आणि घेताना शेकडा दहा पैसे पडतो, वर दलाली, आणि डिमॅट खात्यातून शेअर बाहेर जाताना दर कंपनीमागे ठरावीक आकार. वीस कंपन्यांचे थोडे थोडे शेअर विकून प्रमाण साधणाऱ्याला हा आकार वीसदा पडतो. त्याने वीस ठिकाणी कातर चालवण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी मोठा काप घ्यावा.

मी मात्र सगळे एकदम विकले नाही. सव्वा लाखाची माफी आर्थिक वर्षाची असते, आणि आर्थिक वर्ष दिवाळीला संपत नाही, ३१ मार्चला संपते. दिवाळीला पाहण्याची ही एक सोय आहे, की पुढे पाच महिन्यांनी दुसरी माफी उभी असते. न वापरलेली माफी पुढच्या वर्षात जात नाही, ती वाया जाते. म्हणून मी बेत केला: दिवाळीनंतर लगेच दोन लाख विकायचे. नफा १ लाख २० हजार, माफीच्या आत, कर शून्य. उरलेले १ लाख ६० हजार एप्रिलमध्ये. तेव्हाही नफा माफीच्या आत. त्या वर्षी माझा दुसरा कुठला असा नफा नव्हता, म्हणून हे जमले; सव्वा लाख ही सगळ्या शेअरांची आणि शेअरांच्या फंडांची मिळून एकच माफी असते. कर शून्य आला तरी विवरणपत्रात व्यवहार दाखवावा लागतो, तो दाखवला.

दोन लाख विकल्यावर प्रमाण पासष्टावर आले, म्हणजे हद्दीच्या कडेवर. पुढे काय झाले ते ऐका. बाजार हिवाळ्यात घसरला. १ एप्रिल २०२५ ला सेन्सेक्स दिवाळीच्या मानाने चार-साडेचार टक्के खाली होता. पाच महिन्यांचे हप्ते आणि व्याज दुसऱ्या पारड्यात पडले होते. मी वही उघडली, तर प्रमाण बासष्टाच्या आसपास! दुसरी विक्री करण्याचे कारणच उरले नव्हते. मी ती केली नाही.

याला मी शहाणपण म्हणणार नाही. बाजार तेवढाच वर गेला असता तर साठावर आणण्यासाठी एप्रिलमध्ये दुसरी विक्री करावी लागली असती, १ लाख ६० हजारांहून थोडी कमी. माझ्या बेताचे बळ एवढेच, की दोन्ही परिस्थितींत तो चालला असता. हद्दीबाहेरचा धोका मी दिवाळीलाच काढून टाकला होता. थांबवले होते ते फक्त हद्दीच्या आतले.

कर आणि कोसळणे

समजा, माफीची सोय नसती आणि ११,८३० रुपये भरावेच लागले असते. मग विकावे की नाही? मी वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. एक, भरायचा कर: ११,८३०. दुसरा, जास्तीच्या ३ लाख ६० हजारांवर २००८ सारखे संकट आले तर होणारी घट. तेव्हा बाजार शिखरापासून साठ टक्क्यांनी खाली आला होता. म्हणजे २ लाख १६ हजार. असे संकट दर वर्षी येत नाही, हे खरे. पण ज्या घरात पुढच्या तीन-चार वर्षांत लग्न, शिक्षण किंवा घराचा हप्ता आहे, त्या घरात ते एकदा आले तरी पुरते.

शिवाय ते ११,८३० सगळे तोट्याचे नव्हेत. तो नफा एक ना एक दिवस विकावाच लागणार आणि तेव्हाही कर पडणारच. आज भरला तर पुढचा भरावा लागत नाही. आपले नुकसान एवढेच, की तो पैसा आणखी काही वर्षे आपल्याजवळ वाढला असता तो वाढत नाही. आयुष्यभर न विकता राहणारे शेअर कुणाजवळ असतील तर त्याचा हिशेब वेगळा. आमच्यासारख्या पगारदारांच्या बाबतीत आजचा कर म्हणजे उद्याच्या बिलाची आगाऊ भरपाई असते.

शेठजींचे चार लाख

आता माझी चूक. शेठजींनी फेब्रुवारी २०२४ मध्ये तीन लाखांचे लहान कंपन्यांचे शेअर घेतले होते. दिवाळीत त्यांचे चार लाख झाले होते. हा पैसा मुलीच्या फार्मसीच्या प्रवेशासाठी ठेवलेला. मुलगी बारावीला, प्रवेश पुढच्या जुलैत. त्यांच्या चार रकान्यांत हा पाचवा रकाना नव्हता, आणि म्हणून त्याचे प्रमाण त्यांनी कधी पाहिले नव्हते. तो सबंध रकाना शेअरांत होता.

मी हिशेब मांडून दाखवला. आज विकले तर नऊ महिनेही झालेले नाहीत. एक लाख नफ्यावर वीस टक्के आणि उपकर, म्हणजे २०,८०० रुपये कर. फेब्रुवारीपर्यंत थांबलात, वर्ष पूर्ण केलेत, की तोच नफा सव्वा लाखाच्या माफीत बसतो आणि कर शून्य. "साडेतीन महिने थांबा," मी म्हणालो. शेठजींना ते लगेच पटले. त्यांना न विकण्याचे कारणच हवे होते.

हिशेब बिनचूक होता. सल्ला चुकीचा होता. हिवाळ्यातल्या घसरणीत मोठ्या कंपन्यांपेक्षा लहान कंपन्यांचे भाव कितीतरी अधिक उतरले. फेब्रुवारीअखेर शेठजींचे वर्ष भरले तेव्हा त्यांच्या चार लाखांचे तीन लाखांच्या जरासे वर उरले होते. कर शून्य लागला, हे माझे म्हणणे खरे ठरले. कारण नफाच जवळजवळ शून्य होता. वीस हजार वाचवायला गेलो आणि एक लाख गेले. शेठजी मला काही बोलले नाहीत. फीचा पहिला हप्ता भरण्यासाठी त्यांनी सुताच्या खरेदीतून पैसे वळवले आणि दोन माग महिनाभर बंद ठेवले, हे मला नंतर त्यांच्या कारागिराकडून कळले.

चूक कुठे झाली? माझ्या आणि त्यांच्या पैशातला फरक मी पाहिला नाही. मी एप्रिलपर्यंत थांबवलेला पैसा हद्दीच्या आतला होता आणि तो मला पंधरा वर्षे लागणार नव्हता. त्यांचा पैसा आठ महिन्यांत लागणार होता आणि तो सबंध एका पारड्यात होता. शिवाय थांबून वाचणार होते चार लाखांतले वीस हजार, म्हणजे पाच टक्के. आणि लहान कंपन्यांचे शेअर साडेतीन महिन्यांत पाच टक्के इकडे तिकडे होणे ही काही विशेष घटना नव्हे. कर वाचवण्यासाठी थांबायचे असेल तर आधी विचारावे, की थांबण्याच्या काळात भाव सहज किती हलतो? त्याहून कराचा वाटा कमी असेल, आणि पैसा लवकर लागणार असेल, तर कर भरून मोकळे व्हावे. किमान निम्मे तरी त्या दिवशी विकायला हवे होते. दोन लाख विकले असते तर कर १०,४०० पडला असता आणि फीचे पहिले वर्ष सुटले असते.

दोन फसव्या जागा

आणखी दोन गोष्टी, ज्यांत आमच्या स्टाफरूममधले जाणते लोकही फसलेले मी पाहिले आहेत.

एक म्हणजे 'स्विच'. एकाच कंपनीच्या शेअरांच्या फंडातून तिच्याच रोख्यांच्या फंडात पैसे वळवण्याचा अर्ज असतो. पैसा बँकेत येत नाही, म्हणून माणसाला वाटते की विक्री झालीच नाही. कायद्याच्या दृष्टीने ती सरळ विक्री आणि नवी खरेदी असते. कर लागतो आणि नव्या युनिटांचे वर्ष त्या दिवसापासून मोजले जाते. पुढच्याच दिवाळीआधी ती मोडली तर कित्येक फंडांत बाहेर पडण्याचा आकारही द्यावा लागतो. रोख्यांच्या फंडाची तर आणखी एक गंमत आहे. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या त्याच्या युनिटांवरचा नफा, कितीही वर्षे ठेवली तरी, आपल्या पगारासारखाच उत्पन्नात धरतात. म्हणून बाजार कोसळल्यावर उलट्या दिशेने पासंग काढायचा, रोखे विकून शेअर घ्यायचे, तर तेव्हाचा हिशेब निराळा मांडावा लागतो.

दुसरी गोष्ट फसण्याची नव्हे, सोडून देण्याची. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत ज्यांचे खाते आहे आणि ज्यांना तेथे विभागणी निवडण्याची मुभा आहे, त्यांना त्या खात्याच्या आत शेअरांतून रोख्यांत पैसे हलवताना कर लागत नाही. तेथे 'आपोआप' असा एक पर्याय आहे. त्यातल्या मध्यम प्रकारात पस्तिसाव्या वर्षापर्यंत निम्मे शेअरांत असतात आणि मग दर वर्षी दोन टक्के कमी होत पंचावन्नाव्या वर्षी दहा टक्क्यांवर येतात. हा पासंग दिवाळीला नव्हे, खातेदाराच्या वाढदिवसाला काढला जातो, त्याला न विचारता आणि कर न लावता. ज्याची शिल्लक दोन्हीकडे आहे त्याने सारी एकत्र मोजावी आणि हलवाहलव शक्य तेवढी त्या खात्यात करावी. अडचण एवढीच, की तो पैसा म्हातारपणासाठी अडकलेला असतो. मुलीच्या फीला तो फारसा कामाचा नाही.

२०२५ च्या दिवाळीला शेठजींकडे पुन्हा पानसुपारी झाली. मी जरा ओशाळूनच गेलो. त्यांनी वही पुढे केली. चार रकान्यांच्या शेजारी पाचवा रकाना आखला होता. त्यावर मुलीचे नाव, उरलेल्या तीन वर्षांच्या फीचे आकडे, आणि त्यातली पुढच्या दोन वर्षांची रक्कम बँकेच्या ठेवीत टाकल्याची नोंद. खाली एक ओळ होती: 'विकले. कर भरला. रुपये ३,१२०.'

"बघा सर," ते म्हणाले, "यंदा थोडे वर आले होते. नव्याने घेतलेले होते, वर्ष भरायला अजून चार महिने होते. तुम्हाला विचारले नाही."

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली आणि पान तोंडात टाकले.